बादलीत पाणी किती मावतं? सरासरीतली चूक आणि तिचा तिसरा हिस्सा

समोर एक बादली आहे. आतून मोजली तर तोंडाचा व्यास २८ सेंटीमीटर, तळाचा २० आणि खोली २७. तिच्यात किती लिटर पाणी मावेल?

शाळेतलं सूत्र आठवत नसेल तर बहुतेक जण सरासरी काढतात. वर २८, खाली २०, म्हणजे मधला व्यास २४. बादली २४ सेंटीमीटर व्यासाच्या सरळसोट डब्यासारखी आहे असं मानायचं. व्यासाचा वर्ग ५७६. त्याला पायने गुणून ४ ने भागलं की वर्तुळाचं क्षेत्रफळ येतं आणि त्याला २७ ने गुणलं की घनफळ. उत्तर येतं सुमारे १२,२१५ घन सेंटीमीटर, म्हणजे १२.२१ लिटर.

दुसरा कुणी म्हणेल, व्यासांची कसली सरासरी काढता, क्षेत्रफळांची काढा! मग २८ चा वर्ग ७८४, २० चा ४००, दोन्हींची सरासरी ५९२. पुढचं गणित तेच. उत्तर १२.५५ लिटर.

बादली तीच, मापं तीच, आणि दोन उत्तरांत ३३९ मिलिलिटरचा फरक. पहिलं उत्तर कमी आहे, दुसरं जास्त. खरं उत्तर या दोघांच्या मध्ये आहे, पण बरोबर मध्यावर नाही.

हे कोडं जुनं आहे. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. त्यात खड्ड्यांची घनफळं काढायच्या भागात हेच दोन अंदाज आहेत. वरच्या-खालच्या बाजूंची सरासरी घेऊन येणाऱ्या घनफळाला तो ‘व्यावहारिक’ म्हणतो, आणि क्षेत्रफळांच्या सरासरीवरून येणाऱ्या घनफळाला ‘औत्र’. मग नियम सांगतो: औत्रातून व्यावहारिक वजा करा, बाकीचा तिसरा हिस्सा व्यावहारिकात मिळवा, की ‘सूक्ष्म’ म्हणजे अचूक घनफळ मिळालं. आपल्या बादलीला हा नियम लावू. फरक ३३९, त्याचा तिसरा हिस्सा ११३. १२,२१५ मध्ये ११३ मिळवले की १२,३२८, म्हणजे सुमारे १२.३३ लिटर. आजच्या सूत्रानेही हेच उत्तर येतं. (त्याचे खड्डे चौकोनी होते, पण वर्तुळाचं क्षेत्रफळही व्यासाच्या वर्गाच्याच पटीत वाढतं, त्यामुळे नियमाला काही फरक पडत नाही.)

पण तिसराच हिस्सा का? निम्मा का नाही? मला या विषयातली हीच जागा सगळ्यात आवडते.

बादलीच्या ऐन मध्यावर व्यास २४ आहे. तिथून थोडं वर गेलं की व्यास २५ होतो, तेवढंच खाली आलं की २३. वरच्या ठिकाणी वर्ग ६२५, म्हणजे ५७६ पेक्षा ४९ जास्त. खालच्या ठिकाणी ५२९, म्हणजे ४७ कमी. वरची कमाई खालच्या तोट्यापेक्षा २ ने जास्त, म्हणजे प्रत्येकी १. अगदी टोकांना जाऊ. तोंडाशी कमाई २०८, तळाशी तोटा १७६. फरक ३२, म्हणजे प्रत्येकी १६. मध्यापासून व्यास १ ने बदलला तर शिल्लक १, २ ने बदलला तर ४, ३ ने ९ आणि ४ ने १६. हे सगळे वर्ग आहेत.

व्यासांची सरासरी घेणारा ही शिल्लक धरतच नाही. क्षेत्रफळांची सरासरी घेणारा टोकाची १६ ही शिल्लक सगळ्या उंचीला लावतो. खरी शिल्लक मात्र मध्यावर शून्यापासून टोकाला १६ पर्यंत वाढत जाते, तीही वर्गाच्या चालीने: आधी रेंगाळत, मग झपाट्याने. आता या शिलकीएवढ्या क्षेत्रफळाचे चौरस एकावर एक रचले आहेत असं समजा. टोकापासून बिंदूपर्यंत निमुळता होत गेलेला तो मनोराच झाला, आणि मनोऱ्याचं घनफळ त्याच तळाच्या, त्याच उंचीच्या पेटीच्या एक तृतीयांश असतं. म्हणून सरासरी शिल्लक १६ चा तिसरा हिस्सा, ५.३३. वर्गाची खरी सरासरी ५८१.३३.

हीच संख्या थेट काढायची असेल तर तोंडाच्या व्यासाचा वर्ग, तळाच्या व्यासाचा वर्ग आणि दोन व्यासांचा गुणाकार यांची बेरीज करून ३ ने भागा. ७८४, ४०० आणि ५६० मिळून १७४४, भागिले ३, झाले ५८१.३३. पाठ्यपुस्तकातलं शंकुछेदाचं सूत्र म्हणजे एवढंच:

```
घनफळ = π × उंची × (तोंड² + तळ² + तोंड × तळ) ÷ १२
```

बादलीसाठी व्यासांची सरासरीही वाईट नाही. आपल्या उदाहरणात चूक एक टक्क्याच्याही आत आहे. भांडं जितकं पसरट तोंडाचं, तितकी चूक वाढते. तोंड ४० आणि तळ २० असलेल्या टबात ती साडेतीन टक्क्यांवर जाते, आणि टोकदार शंकूत तर ही पद्धत चौथा हिस्सा पाणी गिळून टाकते.

खरं सांगायचं तर घरी उत्तर चुकतं ते बहुधा सूत्रामुळे नाही, मोजपट्टीमुळे. बादलीचा काठ बाहेर वळवलेला असतो. पट्टी काठाच्या बाहेरच्या कडेवर ठेवली आणि २८ ऐवजी ३० वाचलं, तर उत्तर १३.४३ लिटर येतं. एका ढिलाईत लिटरभर पाणी जास्त! उंची बाजूच्या तिरक्या भिंतीलगत मोजली तर २७ ऐवजी २७.३ भरते. ही चूक त्यामानाने लहान, सुमारे १३५ मिलिलिटरची. तळ जमिनीपासून उचललेला असतो, म्हणून बाहेरून मोजलेली उंचीही फसवते. काठावर आडवी पट्टी ठेवून तिच्यापासून आतल्या तळापर्यंत सरळ खाली मोजावं.

उत्तर पडताळायचं तर बादली आधी रिकामी आणि मग काठोकाठ भरून वजन करा. फरक १२.३ किलोच्या आसपास आला की मापं बरोबर आहेत. काठोकाठ मात्र खरंच काठोकाठ हवं. वरून फक्त २ सेंटीमीटर रिकामं ठेवलं तर पाणी ११.१२ लिटरच भरतं, कारण सगळ्यात रुंद भाग तोच.

याच कारणामुळे निम्म्या उंचीपर्यंत भरलेली बादली अर्धी भरलेली नसते. साडेतेरा सेंटीमीटरवर या बादलीत ५.१५ लिटर पाणी असतं, म्हणजे जेमतेम ४२ टक्के. अर्धी बादली हवी असेल तर आतून खूण तळापासून १५.७ सेंटीमीटरवर करावी लागेल.