किरण प्रकाशिकीतील उदाहरणे : चिन्ह संकेत आणि किरणाकृती

गोलीय आरसा किंवा पातळ भिंग, त्याच्या समोरची वस्तू आणि तयार होणारी प्रतिमा यांची अंतरे सूत्राने काढण्याच्या प्रश्नांना शाळा-कॉलेजात 'प्रकाशाची उदाहरणे' किंवा नुसते 'न्युमरिकल' म्हणतात. त्यांत सूत्रे दोनच. आरशासाठी १/v + १/u = १/f आणि भिंगासाठी १/v − १/u = १/f. येथे u हे वस्तूचे अंतर, v हे प्रतिमेचे अंतर आणि f हे नाभीय अंतर. विशालन m आरशासाठी −v/u, भिंगासाठी v/u. यात बेरीज-वजाबाकीपलीकडचे गणित नाही, तरी उत्तरे सर्रास चुकतात. चूक बहुतेक वेळा सूत्रात नसते, आकड्याआधी लावलेल्या चिन्हात असते.

पुण्यातल्या सेनापती बापट मार्गावरच्या 'बालभारती'ची पुस्तके कार्टेशियन चिन्ह संकेत वापरतात. या संकेतात आरशाचा ध्रुव किंवा भिंगाचे प्रकाशीय केंद्र हा आरंभबिंदू असतो. सर्व अंतरे तेथून मोजायची. प्रकाश ज्या दिशेने येऊन आरशावर किंवा भिंगावर पडतो ती दिशा धन, तिच्या विरुद्ध दिशा ऋण. मुख्य अक्षाच्या वरची उंची धन, खालची ऋण. आकृतीत वस्तू डावीकडे काढण्याची रीत असल्याने उजवीकडे धन आणि डावीकडे ऋण असे सोपे रूप पाठ केले जाते. त्याच्या जोडीला विद्यार्थी आणखी एक वाक्य पाठ करतात : 'u नेहमी ऋण.' दहावीपर्यंत हे वाक्य कधीच दगा देत नाही. ते नियम नसून एका विशिष्ट परिस्थितीचे वर्णन आहे, हे मात्र अकरावी-बारावीत कळते, आणि कधी कधी तेव्हाही कळत नाही.

f चे चिन्हही पाठ करण्याची गरज नाही. डावीकडून समांतर किरण सोडले तर ते कोठे एकत्र येतात, किंवा कोठून आल्यासारखे वाटतात, एवढे पाहावे. बहिर्वक्र भिंगातून ते पलीकडे उजवीकडे एकत्र येतात, म्हणून f धन. अंतर्गोल आरसा त्यांना मागे फिरवून डावीकडे गोळा करतो, म्हणून f ऋण. बहिर्गोल आरशात ते आरशामागून, म्हणजे उजवीकडून, आल्यासारखे भासतात, म्हणून f धन. 'बहिर्गोल' आणि 'बहिर्वक्र' या दोन्हींचे f धन असले तरी कारणे उलटी आहेत. एकात प्रकाश खरोखर तेथे पोहोचतो, दुसऱ्यात पोहोचत नाही.

घरात करून पाहता येईल असे एक उदाहरण घेऊ. वाचायच्या चष्म्याचा नंबर +२.५ असेल तर नाभीय अंतर १/२.५ = ०.४ मीटर, म्हणजे ४० सेमी. खोली अंधारी करून समईची ३ सेमी उंचीची ज्योत भिंगापासून १२० सेमी अंतरावर ठेवली, तर प्रतिमा कोठे पडेल? येथे u = −१२०, f = +४०. v माहीत नाही, म्हणून त्याला चिन्ह द्यायचे नाही. १/v = १/४० − १/१२० = २/१२०, म्हणून v = +६० सेमी. विशालन ६०/(−१२०) = −०.५. भिंगापलीकडे ६० सेमीवर धरलेल्या पांढऱ्या कागदावर दीड सेमी उंचीची उलटी ज्योत दिसते.

किरणाकृती याच उत्तराची दुसरी प्रत असते. ज्योतीच्या टोकापासून मुख्य अक्षाला समांतर निघालेला किरण भिंगातून वळून पलीकडच्या नाभीतून, ४० सेमीच्या खुणेतून, खाली जातो. दुसरा किरण टोकापासून थेट प्रकाशीय केंद्रातून न वळता जातो. दोघे अक्षाच्या खाली, ६० सेमीच्या खुणेवर भेटतात. छेदबिंदू खाली आहे म्हणून m ऋण, आणि किरण खरोखर छेदतात म्हणून प्रतिमा वास्तव. आलेख कागदावर १ सेमीला १० सेमी असे प्रमाण घेतले की पाच मिनिटांत उत्तराची पडताळणी होते. परीक्षेत इतका वेळ नसतो हे खरे, पण हाताने काढलेली कच्ची आकृतीही चिन्ह पकडून देते.

याच उदाहरणात u = +१२० टाकले तर १/v = ४/१२०, म्हणजे v = ३० सेमी येते. गंमत अशी की एका वेगळ्याच चुकीतूनही नेमके हेच ३० येते. जुन्या पिढीतील अनेकांना 'वास्तव ते धन' हा संकेत शिकवलेला होता. त्यात आरसा आणि भिंग दोघांना १/u + १/v = १/f हे एकच सूत्र, वास्तव वस्तू आणि प्रतिमांची अंतरे धन, आभासींची ऋण. तोही संकेत निर्दोष आहे आणि त्यानेही v = ६०च येते. पण आजोबांनी सूत्र जुने सांगितले आणि नातवाने u मात्र पुस्तकाप्रमाणे −१२० घेतला, की उत्तर ३० निघते आणि घरात दोघेही आपापल्या जागी बरोबर असल्याचा वाद होतो. दोन संकेतांपैकी कोणताही चालतो, त्यांची खिचडी चालत नाही. चूक ओळखण्याची खूण आकड्यातच असते. समोर ठेवलेल्या खऱ्या वस्तूची वास्तव प्रतिमा बहिर्वक्र भिंगाच्या नाभीच्या अलीकडे पडूच शकत नाही. ३० हा ४० पेक्षा कमी आहे, तेव्हा पुढचे काही तपासण्याआधीच उत्तर खोडावे.

आरशासाठी सोसायटीच्या पार्किंगच्या वळणावर लावलेला बहिर्गोल आरसा घेऊ. वक्रता त्रिज्या २ मीटर धरली तर f = +१ मीटर. ४ मीटरवर ११० सेमी उंचीची स्कूटर आहे, म्हणजे u = −४. १/v = १ + १/४ = ५/४, म्हणून v = +०.८ मीटर आणि m = −०.८/(−४) = +०.२. स्कूटर आरशामागे ८० सेमीवर, सुलट आणि अवघी २२ सेमी उंच भासते. आकृतीत अक्षाला समांतर आलेला किरण आरशावरून बाहेरच्या बाजूला फाकतो. तो मागे तुटक रेषेने वाढवला की नाभीतून जातो. वक्रता केंद्राच्या रोखाने आलेला किरण आल्या वाटेने परततो, त्याचीही तुटक रेषा मागे वाढवायची. दोन तुटक रेषा ध्रुव आणि नाभी यांच्या मध्ये छेदतात. f चुकून −१ घेतला तर v = −१.३३ मीटर येते, म्हणजे आरशासमोर हवेत तरंगणारी उलटी स्कूटर. पार्किंगमध्ये ती आजवर कोणाला दिसलेली नाही.

'प्रतिमा तिप्पट मोठी' असे विधान असलेल्या उदाहरणात चिन्ह दिलेले नसते, ते शोधावे लागते. १५ सेमी नाभीय अंतराच्या अंतर्गोल आरशासाठी m = −३ घेतल्यास u = −२० सेमी येते आणि प्रतिमा वास्तव असते. m = +३ घेतल्यास u = −१० सेमी आणि प्रतिमा आभासी. दोन्ही उत्तरे खरी आहेत. 'पडद्यावर' किंवा 'सुलट' हा एखादा शब्द निवड ठरवतो, म्हणून आकड्यांआधी प्रश्नाची भाषा वाचावी लागते.

'u नेहमी ऋण' हे वाक्य मोडते ते दुर्बिणीत. पुणे जिल्ह्यात गिरवली येथे आयुकाची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ मध्ये सुरू झाली. ती कॅसेग्रेन पद्धतीची आहे : मोठा अंतर्गोल आरसा प्रकाश गोळा करतो, त्याच्यासमोरचा लहान बहिर्गोल आरसा तो परत फिरवतो आणि मोठ्या आरशाच्या मधल्या भोकातून मागे पाठवतो. खालचे आकडे त्या दुर्बिणीचे नव्हेत, हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून निवडले आहेत. मोठ्या आरशाचे नाभीय अंतर ६ मीटर. त्याच्यापुढे ४.५ मीटरवर लहान आरसा, f = +२ मीटर. अंतिम प्रतिमा कोठे पडेल?

ताऱ्याचा प्रकाश समांतर येतो, म्हणून मोठा आरसा त्याला ६ मीटरवर एकत्र आणणार. पण वाटेत ४.५ मीटरवरच लहान आरसा आडवा येतो. किरण अजून १.५ मीटर पुढे जाऊन भेटणार होते. तो भेटीचा बिंदू लहान आरशाची वस्तू ठरतो, आणि तो आरशाच्या मागे आहे. लहान आरशासाठी प्रकाश येण्याची दिशा मोठ्या आरशाकडून त्याच्याकडे अशी आहे. त्याच दिशेने पुढे असलेला बिंदू धन, म्हणून u = +१.५. अशा वस्तूला आभासी वस्तू म्हणतात. १/v = १/२ − १/१.५ = ३/६ − ४/६ = −१/६, म्हणून v = −६ मीटर. ऋण चिन्हाचा अर्थ प्रतिमा लहान आरशासमोर, म्हणजे मोठ्या आरशाच्या बाजूला ६ मीटरवर. त्यातले ४.५ मीटर मोठ्या आरशापर्यंत पोहोचण्यात जातात आणि उरलेले १.५ मीटर भोकाच्या मागे. कॅमेरा तेथे बसवायचा.

या आकृतीत नेहमीचा बाण काढायला जागाच नसते, कारण वस्तूच्या जागी कोणतीही वस्तू नाही. एकमेकांकडे झुकत येणारे दोन किरण काढावेत, त्यांना आरशामागे १.५ मीटरवर तुटक रेषांनी भेटवावे आणि मग आरशावरून परतताना ते कमी उतारात, दूर ६ मीटरवर भेटताना दाखवावेत. बहिर्गोल आरसा प्रकाश फाकवतो हे येथेही खरेच आहे. तो किरणांचे झुकणे कमी करतो, पूर्ण संपवत नाही. विशालन −(−६)/१.५ = +४, त्यामुळे दुर्बिणीचे एकूण नाभीय अंतर ६ × ४ = २४ मीटर होते. आकाशात सुमारे ०.००९ रेडियन रुंद दिसणाऱ्या चंद्राची प्रतिमा मोठ्या आरशाने एकट्याने साधारण ५.४ सेमीची केली असती, ती आता २१.६ सेमीची होते.

सवयीने u = −१.५ टाकणाऱ्याला १/v = ७/६, म्हणजे v = +०.८६ मीटर मिळते. तसे असते तर प्रकाश लहान आरशावरून फाकत परतला असता आणि भोकामागे काहीच जुळून आले नसते. खऱ्या वस्तूसाठी बहिर्गोल आरसा वास्तव प्रतिमा देत नाही, आभासी वस्तूसाठी देतो, पण u हे f पेक्षा लहान असेल तरच. लहान आरसा मोठ्याकडे सरकवून ४ मीटरवर आणला तर u = +२ = f होते आणि किरण समांतर निघून जातात. आणखी जवळ, ३.५ मीटरवर आणला तर u = +२.५, १/v = ०.५ − ०.४ = ०.१ आणि v = +१० मीटर : प्रतिमा पुन्हा आभासी.

ही सर्व सूत्रे मुख्य अक्षाजवळून, त्याच्याशी लहान कोन करून जाणाऱ्या किरणांपुरती खरी आहेत, आणि भिंगाच्या बाबतीत जाडी दुर्लक्षण्याजोगी असावी लागते. गोलीय आरशाच्या काठावरून परतणारे किरण ध्रुवाच्या किंचित जवळ भेटतात, त्यामुळे प्रतिमेभोवती धूसरपणा येतो. म्हणून कॅसेग्रेन दुर्बिणीचे आरसे गोलीय नसतात. मूळ रचनेत मोठा अन्वस्तीय आणि लहान अपास्तीय असतो. अक्षाजवळच्या किरणांपुरते १/v + १/u = १/f तेथेही जसेच्या तसे लागू पडते, फक्त f हे ध्रुवाजवळच्या वक्रतेवरून काढायचे.