कंबर कोणत्या दिशेने दुखते, त्यावर समागमाची स्थिती ठरते

कंबर दुखत असेल तर समागम कसा करावा, असे कोणी धीर करून विचारले, तर वर्षानुवर्षे एकच उत्तर मिळत असे: दोघांनी एकाच दिशेला तोंड करून कुशीवर झोपावे आणि पुरुषाने मागून जवळ यावे. सल्ला सोपा होता; मात्र त्या स्थितीत मणका प्रत्यक्षात कसा हलतो, हे कोणी मोजलेले नव्हते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात नॅटली सिडॉरकेविच आणि स्टुअर्ट मॅकगिल यांनी 10 जोडप्यांच्या अंगावर हालचाल टिपणाऱ्या खुणा लावून पाच स्थितींचे मोजमाप केले आणि 2014 मध्ये पुरुषांच्या मणक्याविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाकल्यावर ज्या पुरुषाची कंबर दुखते, त्याच्यासाठी पाचांपैकी सर्वांत गैरसोयीची ठरली ती हीच कुशीवरची स्थिती, कारण जोडीदाराला मागून बिलगताना त्याची कंबर धनुष्यासारखी पुढे वाकते आणि प्रत्येक हालचालीबरोबर आणखी वाकते.

म्हणून स्थिती निवडण्याआधी आपली कंबर कोणत्या दिशेला वाकली की दुखते, हे ओळखावे लागते. त्यासाठी यंत्राची गरज नाही, घरातली कामे पुरतात. बराच वेळ बसल्यावर, खाली वाकून केर काढताना, पायात मोजे चढवताना किंवा शिंकताना कळ येत असेल आणि चार पावले चालल्यावर बरे वाटत असेल, तर दुखणे पुढे वाकण्याचे आहे. मणक्यांमधली चकती सरकलेल्यांत हे बहुधा आढळते. याउलट ओट्यापाशी उभे राहून, चालून किंवा पालथे झोपून त्रास होत असेल आणि खाली बसताच आराम पडत असेल, तर दुखणे मागे वाकण्याचे आहे. मज्जारज्जूची नळी अरुंद झालेली वयस्कर मंडळी चालताना मध्येच थांबून कठड्यावर ओणवी होतात, ती याच कारणाने.

पुढे वाकल्यावर दुखणाऱ्या पुरुषाला त्या मोजमापात सर्वांत सुसह्य ठरली ती स्त्री गुडघ्यांवर आणि कोपरांवर टेकून ओणवी आणि पुरुष तिच्या मागे गुडघ्यांवर ताठ, अशी स्थिती. स्त्री उताणी आणि पुरुष वर असेल, तर त्याने कोपरांऐवजी तळहातांवर भार घेतलेला बरा, कारण कोपरांवर उतरताच कंबर पुन्हा गोल होते. मागे वाकल्यावर दुखणाऱ्याला मात्र जवळजवळ उलटा सल्ला लागू पडतो: त्याला कुशीवरची किंवा कोपरांवर टेकण्याची स्थिती मानवते, किंवा त्याने गुडघ्यांखाली लोड घेऊन उताणे पडावे आणि हालचाल जोडीदारावर सोपवावी. स्त्रीची कंबर वाकल्यावर दुखत असेल, तर उताणे पडून गुडघे छातीकडे ओढणे टाळावे आणि कमरेच्या पोकळीत टॉवेलची गुंडाळी ठेवावी. तिला मागे वाकण्याचा त्रास असेल, तर गुंडाळी काढून गुडघे थोडे दुमडून घ्यावेत. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. हालचाल खुब्याच्या सांध्यातून, दाराच्या बिजागरीसारखी व्हावी. कमरेला झोके देऊन नव्हे.

अडचण अशी की घरात बहुधा दोघांनाही काही ना काही दुखत असते. समजा, पतीचे वय 58, चकतीमुळे वाकल्यावर कळ येते आणि पोट सुटलेले आहे. पत्नीचे वय 55, दोन्ही गुडघे झिजलेले आणि तिचेही पोट मोठे. पतीच्या कमरेला ओणवी स्थिती हवी, पण पत्नीला गुडघ्यांवर टेकताच येत नाही. पती वर आला तर दोन पोटे एकमेकांना अडवतात आणि ती फट भरून काढायला त्याला वाकावेच लागते. अशा वेळी पलंगाची कड उपयोगी पडते. पत्नीने पलंगावर उताणे पडून नितंब अगदी कडेपर्यंत आणावेत, त्यांच्याखाली एक घट्ट उशी घ्यावी आणि दोन्ही पाय दोन स्टुलांवर टेकवावेत, म्हणजे गुडघे थोडेच वाकतात आणि त्यांच्यावर भार येत नाही. पतीने जमिनीवर घडी घातलेल्या गोधडीवर गुडघे टेकून ताठ राहावे. पलंग गादीसह साधारण 45 ते 50 सेंटीमीटर उंच असेल, तर गुडघ्यांवर उभ्या माणसाची ओटी जवळपास तेवढ्याच उंचीवर येते. थोडा फरक पडला तर गोधडीची एक घडी वाढवून किंवा कमी करून तो भरून निघतो. दोन्ही पोटे एकमेकांवर दाबली जात नाहीत आणि पाठही सरळ राहते. बैठकीच्या खोलीत केवळ पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेल्या लोड-तक्क्यांना इथे खरे काम मिळते, असे मला वाटते.

हीच मांडणी बिघडते ती शेवटच्या क्षणी, पती भावनेच्या भरात पत्नीवर ओणवा होतो तेव्हा. बिघडले आहे की नाही, हे दुसऱ्या दिवशी कळते. कंबर तासा-दोन तासांत पूर्ववत होत असेल तर काळजी नाही. दुखणे सकाळपर्यंत टिकले किंवा कमरेतून नितंबात आणि पोटरीत उतरू लागले, तर ती स्थिती सोडून द्यावी. पतीचे गुडघेही दुखत असतील, तर ही मांडणी उपयोगाची नाही. मग पत्नीने उताणे पडावे, पतीने तिच्याशी काटकोनात कुशीवर झोपावे आणि तिचे पाय त्याच्या कमरेवरून पलीकडे जावेत. यात कोणाचेच गुडघे भार घेत नाहीत आणि पोटेही समोरासमोर येत नाहीत. मात्र पत्नीच्या पायांचा भार पतीच्या कमरेवर राहू नये म्हणून त्यांच्याखाली तक्क्या सरकवावा लागतो.

गर्भारपणातले पोट वेगळे. साधारण 20 आठवड्यांनंतर बराच वेळ सपाट उताणे पडल्यास गर्भाशयाचा दाब पोटातील मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येऊ शकते. म्हणून डाव्या कुशीवर झोपावे किंवा उजव्या कुशीखाली उशी घालून अंग कलते ठेवावे. रक्तस्राव होत असेल, पाणी गेले असेल किंवा वार गर्भाशयाच्या तोंडावर असल्याचे सोनोग्राफीत दिसले असेल, तर समागम करू नये.

सांधेदुखीत स्थितीइतकीच वेळही पाहावी लागते. आमवातात सांधे सकाळी तासभर किंवा अधिक काळ आखडलेले असतात, त्यामुळे दुपार किंवा संध्याकाळ बरी. झिजेच्या संधिवातात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात जातो आणि दिवसभराच्या वापराने दुखणे वाढत जाते. रात्री अकराला थकलेल्या गुडघ्यांकडून अपेक्षा ठेवण्यात अर्थ नसतो. आधी 15 ते 20 मिनिटे शेक किंवा गरम पाण्याची अंघोळ घेतल्यास हालचाल सैल होते. आमवाताच्या काही रुग्णांत डोळे आणि तोंडाप्रमाणे योनीही कोरडी पडते, तेव्हा पाण्याचा आधार असलेले वंगण वापरावे. खोबरेल तेलाने लॅटेक्सचा निरोध कमकुवत होऊन फाटू शकतो.

खुब्याचा सांधा बदललेल्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे, कारण सांधा पुढून बसवला की मागून, त्यावर कोणती हालचाल टाळायची हे ठरते. मागून बसवला असेल, तर सुरुवातीच्या काळात मांडी काटकोनापेक्षा अधिक वर न आणणे, पाय आत न वळवणे आणि एका पायावर दुसरा न टाकणे, हे सर्वसाधारणपणे पाळायला सांगतात. कुशीवर झोपल्यास दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी.

कंबरदुखीच्या जोडीने जांघेत आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, पाय लुळे पडू लागले किंवा जननेंद्रियांतली संवेदना अचानक गेली, तर उशा-लोडांच्या मांडणीत वेळ न घालवता त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. मणक्यातील शेवटच्या नसांचा झुबका दाबला गेल्याची ती लक्षणे असू शकतात आणि हा दाब सोडवायला उशीर झाला, तर गेलेली संवेदना नेहमीच परत येते असे नाही.