एक टीबीची डिस्क आणि ९३१ जीबीचा आकडा

एक टीबी असं छापलेली नवी हार्ड डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडली की तिच्यापुढे आकडा दिसतो `931 GB`. उरलेले ६९ जीबी कुठे गेले, असं विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘फॉरमॅट करताना जातात.’ हे उत्तर इतक्या वेळा दिलं जातं की ते खरंच वाटू लागतं. पण ते चुकीचं आहे. फॉरमॅट करताना एनटीएफएस ही फाइल सिस्टिम स्वतःच्या नोंदींसाठी थोडी जागा घेते, हे खरं. मात्र रिकाम्या डिस्कवर ती काही शे एमबीच्या पलीकडे जात नाही, आणि तीसुद्धा ‘वापरलेली जागा’ म्हणून दाखवली जाते. त्यामुळे एकूण क्षमतेचा आकडा ६९ जीबीने उतरत नाही.

खरं काय ते त्याच संगणकावर पाहता येतं. डिस्कच्या चिन्हावर राइट क्लिक करून `Properties` उघडा. `Capacity` या ओळीत दोन आकडे शेजारी शेजारी असतात. डावीकडे एकूण बाइट आणि उजवीकडे जीबी. डावीकडचा आकडा एक लाख कोटींच्या आसपास असतो, म्हणजे एकावर बारा शून्यं. एक टीबीचा अर्थ नेमका तेवढाच. डिस्कवर छापलेली जागा पूर्ण मिळालेली आहे. फरक पडतो तो डावीकडच्या आकड्यावरून उजवीकडचा आकडा काढताना.

एक प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. एक टीबीच्या बहुतेक डिस्कवर १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात आणि एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात, असा हिशेब धरला जातो. गुणाकार केला की १०,००,२०,४८,८६,०१६ बाइट येतात, म्हणजे कबूल केल्यापेक्षा वीस कोटी बाइट जास्तच. आता डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. त्या मापाने ही डिस्क १००० जीबीची भरते. विंडोज मात्र १०२४ ला तीनदा आपसात गुणून येणारी संख्या घेतं, १,०७,३७,४१,८२४ बाइट, आणि तिने भागतं. उत्तर येतं ९३१.५१. लहान मापाने भरलेलं धान्य मोठ्या मापाने मोजलं तर मापं कमी भरतात, दाणे तेवढेच राहतात. अडचण एवढीच की इथे दोन्ही मापांवर ‘जीबी’ हेच नाव लिहिलेलं आहे.

१०२४ ही संख्या आली मेमरीतून, म्हणजे रॅममधून. रॅममधल्या प्रत्येक जागेला पत्ता असतो आणि तो शून्य व एक या दोनच अंकांत लिहिलेला असतो. पत्त्याला दहा अंक दिले तर १०२४ जागा होतात, एक अंक वाढवला की जागा दुप्पट. त्यामुळे मेमरीची चिप दोनच्या घातातच बनवणं सोयीचं ठरतं, आणि १०२४ ही हजाराच्या जवळची संख्या असल्यामुळे तिला ‘किलो’ म्हणण्याची सवय पडली. हार्ड डिस्कला असलं काही बंधन नाही. तिची क्षमता ठरते ती किती तबकड्या आहेत, त्यांवर किती वर्तुळाकार पट्टे आहेत आणि प्रत्येक पट्ट्यात किती सेक्टर बसतात यावर. तो गुणाकार कुठल्याही संख्येवर येऊन थांबू शकतो. म्हणून डिस्क बनवणाऱ्यांनी किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख हा मेट्रिक पद्धतीचा अर्थच वापरला. तो अर्थ नियमाला धरून आहे, हे मान्य करायला हवं.

हा गोंधळ सोडवायला आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १९९८ साली १०२४ च्या पटीतल्या मापांना वेगळी नावं दिली: किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट, टेबीबाइट. पडद्यावर ती `KiB`, `MiB`, `GiB`, `TiB` अशी दिसतात. या नावांनी बोलायचं तर आपली डिस्क १००० गिगाबाइटची आहे आणि ९३१ गिबीबाइटचीही आहे, दोन्ही विधानं बरोबर. विंडोज भागतं गिबीबाइटने आणि लिहितं `GB`. चूक म्हणायची तर ती या एका अक्षराच्या अभावाची. अॅपलने २००९ मध्ये मॅकच्या १०.६ या आवृत्तीपासून दशमान मोजणी स्वीकारली, त्यामुळे तीच डिस्क मॅकवर पूर्ण एक टीबी दिसते.

डिस्क मोठी होत जाते तशी ही तफावतही वाढते, कारण प्रत्येक पायरीला १०२४ आणि १००० मधला फरक पुन्हा एकदा गुणला जातो. केबीला आकडा सुमारे २.३ टक्क्यांनी कमी दिसतो, एमबीला ४.६, जीबीला ६.९ आणि टीबीला ९.१ टक्क्यांनी. म्हणून ४ टीबीची डिस्क विंडोजवर `3.63 TB` दिसते. अंदाजासाठी जीबीतल्या आकड्याला ०.९३१ ने आणि टीबीतल्या आकड्याला ०.९०९ ने गुणा. उत्तर विंडोजच्या आकड्याशी जुळलं तर शंकेला जागा नाही. विंडोजचा आकडा त्याहून बराच कमी असेल तर मात्र `Disk Management` उघडून डिस्कचा काही भाग `Unallocated` राहिला आहे का ते पाहा. पूर्ण डिस्कचे बाइट पॉवरशेलमध्ये असे दिसतात:

```
Get-Disk | Select-Object Number, FriendlyName, Size
```

लिनक्सवर दोन्ही मापं हाताशी असतात. पहिली आज्ञा १०२४ ने मोजते, दुसरी १००० ने:

```
df -h
df -H
```

इथे मात्र मापाच्या फरकाखाली खरी वजाबाकीही दडलेली असते, आणि दोन्ही वेगळ्या ओळखता यायला हव्यात. एक टीबीच्या डिस्कवर नेहमीच्या पद्धतीने एक्स्ट-फोर फाइल सिस्टिम बनवली तर `df -h` एकूण जागा `916G` च्या आसपास दाखवतं. ९३१ पासून ९१६ पर्यंतचे पंधरा गिबीबाइट खरोखरच फाइलींच्या नोंदी ठेवण्यासाठी आधीच बाजूला काढलेले असतात. त्यापुढे `Avail` खाली साधारण `870G` दिसतात, कारण पाच टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखीव असते. प्रणाली असलेल्या विभागावर ही राखीव जागा उपयोगाची आहे, कारण बाकी सगळं भरलं तरी प्रणाली चालू राहते. ज्या डिस्कवर नुसते फोटो किंवा बॅकअप ठेवायचे आहेत, तिथे ती एक टक्क्यावर आणायला हरकत नाही. `sdb1` च्या जागी आपल्या विभागाचं नाव नीट पाहून लिहा:

```
sudo tune2fs -m 1 /dev/sdb1
```

विंडोजमध्ये डिस्कचे विभाग पाडताना हाच फरक आणखी एकदा आडवा येतो. `New Simple Volume` मध्ये आकार एमबीत विचारला जातो. १०० जीबीचा विभाग हवा म्हणून १००००० लिहिलं तर तयार झालेला विभाग सुमारे ९७.७ जीबीचा दिसतो. पडद्यावर पूर्ण १०० दिसायला हवे असतील तर १०० गुणिले १०२४, म्हणजे `102400` लिहावं लागतं.