मोठं पोस्टर अनेक कागदांवर छापताना ओव्हरलॅप का ठेवतात, त्यामागचा इतिहास

मोठं चित्र तुकड्यांत छापायचं म्हटलं की लोकांना वाटतं ही घरातल्या ए4 प्रिंटरची मजबुरी आहे, पण हे 500 वर्षांपूर्वीपासून चालू आहे. इटालियन चित्रकार जाकोपो दे बार्बारीचं व्हेनिसचं चित्र 1500 सालचं, सहा लाकडी ठोकळ्यांवरून सहा कागदांवर छापलेलं, जोडलं की रुंदी पावणेतीन मीटरच्या आसपास. 1507 चा जर्मन नकाशाकार वाल्डझेमुलरचा जगाचा नकाशा तर 12 कागदांवर. त्या नकाशाची आज एकच प्रत उरलीये, आणि ती उरली कारण ती कुणी भिंतीवर चिकटवलीच नाही, सुटे कागद एका बाइंड केलेल्या पुस्तकात पडून होते! भिंतीवर लागलेले गेले सगळे.

ओव्हरलॅप म्हणजे कडेचं थोडं चित्र शेजारच्या दोन्ही कागदांवर छापणं, आणि या जुन्या कामात तो आजच्यासारखा नव्हता. ठोकळा संपला तिथे चित्र संपलं, भोवती कोरी कड. जोडताना एका कागदाची कड कापायची आणि तो शेजारच्या कागदाच्या कोऱ्या कडेवर चिकटवायचा. म्हणजे डिंकासाठी जागा होती, पण चित्राचा एकही मिलिमीटर दोन्हीकडे छापलेला नव्हता. कापणाऱ्याचा हात जरा हलला की सांध्यात पांढरी रेघ दिसायची किंवा चित्राचा तुकडाच गायब व्हायचा.

खरी गरज पडली ती रस्त्यावरच्या जाहिरातींमुळे. 19व्या शतकात लिथोग्राफी, म्हणजे दगडावरून छापायची पद्धत, आली पण दगड आणि प्रेस यांना साइझची मर्यादा होतीच, त्यामुळे होर्डिंगचं माप शीटमध्ये मोजायला लागले. ब्रिटनमधलं 48 शीटचं पोस्टर म्हणजे 20 बाय 10 फूट, हिशोब 20 बाय 30 इंचाच्या कागदाचा. पुढे मोठ्या मशीन आल्या, प्रत्यक्षात कागद कमी लागायला लागले तरी नाव तेच राहिलं.

आता इथे एक गोष्ट लोक विसरतात, खळ लावलेला कागद ओला होतो आणि ओला कागद वाढतो, तेही दोन्ही दिशांना सारखा नाही, तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त. त्यामुळे टेबलावर कोरडे असताना तंतोतंत जुळणारे कागद भिंतीवर जुळतीलच असं नाही. कडेला चित्राचा थोडा भाग दोन्ही कागदांवर असला की हा फरक त्यात खपून जातो. शिवाय पाऊस. चिकटवणारे खालून वर जायचे, म्हणजे वरचा कागद खालच्यावर चढतो आणि पाणी कौलांवरून जातं तसं ओघळून जातं, सांध्यात शिरत नाही. (उलटं लावलं तर पहिल्या जोराच्या पावसात कड सुटते, मग वाऱ्याला निमित्तच हवं असतं.)

कॉम्प्युटरवर हे लवकरच आलं. पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे पानावर काय कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणारी भाषा, 1980 च्या दशकातली, आणि तिच्या सुरुवातीच्या पुस्तकातच एक चित्र अनेक पानांवर पसरवून छापायचं उदाहरण होतं. पण इथे कारण बदललं. लेझर प्रिंटर कागदाच्या काठापर्यंत छापत नाही, चारी बाजूंना काही मिलिमीटर कोरे राहतात, म्हणून ती कोरी कड झाकायला ओव्हरलॅप लागतो. आज Acrobat Reader च्या प्रिंट खिडकीत Poster निवडलं की Overlap, Cut marks, Labels मिळतात, Overlap चा मूळ आकडा मात्र जवळजवळ शून्य असतो, तो वाढवावा लागतो. Labels चालू ठेवा, नाहीतर आकाशाचे चार सारखे निळे कागद हातात येतात आणि कुठला कुठे ते कळत नाही.

हिशोब करून बघा. ए1 म्हणजे 594 बाय 841 मिमी, कागदोपत्री आठ ए4. प्रिंटर चारी बाजूंना 5 मिमी सोडत असेल तर उभ्या ए4 वर 200 बाय 287 छापता येतं. ओव्हरलॅप 10 मिमी धरला तर पहिल्यानंतरचा प्रत्येक कागद रुंदीत 190 आणि उंचीत 277 ची भर घालतो. उंचीला तीन कागद, 287 अधिक 554, बरोबर 841. रुंदीला तीन कागदांत 580 च होतात, 14 मिमी कमी पडतात, म्हणून चौथी रांग आणि एकूण 12 कागद. कागद आडवे घेतले तर 15 होतात, म्हणजे अजूनच वाईट. माझ्या मते एवढ्याशा 14 मिमीसाठी तीन कागद घालण्यात अर्थ नाही, पोस्टर 97.6 टक्के करा, 580 बाय 821 होतं, नऊ कागदांत काम भागतं. भिंतीवरच्या माणसाला फरक कळणार नाही.

एक मात्र सांभाळा, सगळे तुकडे तयार करून मग छापताना पान कागदात बसवणारं Fit चालू राहिलं तर प्रत्येक पान थोडं आकसतं. सगळी एकाच वेळी छापली तर ती एकमेकांना जुळतात म्हणून लक्षातही येत नाही, फक्त पोस्टर लहान होतं. पण एक पान खराब झालं म्हणून दुसऱ्या प्रिंटरवर Fit बंद ठेवून पुन्हा छापलं की त्याच पानाच्या चारही कडांना रेघा सरकलेल्या दिसतात, आणि माणूस उगाच कात्रीला दोष देतो.