अकरा मृत्यू, दोन मथळे : बातमीचा कल शब्दांतून कसा ओळखावा

१ जून १९७५ रोजी, रविवारी, ऱ्होडेशियाची राजधानी सॅलिसबरी (आजचे झिंबाब्वेतील हरारे) येथील हायफील्ड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. देशात तेव्हा इयान स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली गोऱ्या अल्पसंख्याकांचे सरकार होते आणि त्या दिवशी वस्तीत आफ्रिकन नॅशनल कौन्सिल म्हणजेच एएनसी या संघटनेच्या कार्यकारिणीची बैठक चालू होती. दुसऱ्या दिवशी लंडनच्या ‘द टाइम्स’ आणि ‘द गार्डियन’ या दोन्ही दैनिकांनी ही बातमी दिली. मृतांचा आकडा दोन्हीकडे ११, जखमींचा १५. तरीही दोन्ही बातम्या वाचणाऱ्याच्या मनात दोन वेगळी चित्रे उभी राहतात. टोनी ट्रू या अभ्यासकाने या बातम्यांचे वाक्यावाक्याने केलेले विश्लेषण १९७९ साली प्रसिद्ध झाले आणि बातमीच्या भाषेच्या अभ्यासात ते आजही पायाभूत मानले जाते.

‘टाइम्स’च्या मथळ्याचा आशय असा होता : ‘दंगेखोर कृष्णवर्णीय पोलिसांच्या गोळीबारात ठार, एएनसी नेत्यांची बैठक सुरू असताना घटना’. ‘गार्डियन’चा असा : ‘सॅलिसबरीच्या दंगलीत पोलिसांनी ११ जणांना गोळ्या घालून ठार केले’. दोन्ही मथळ्यांत पोलीस आहेत आणि दंगलही आहे, त्यामुळे एकाने सत्य लपवले व दुसऱ्याने सांगितले, असा सोपा निवाडा येथे करता येत नाही. फरक आहे तो या गोष्टी वाक्यात कोठे बसवल्या आहेत यात. ‘गार्डियन’च्या मथळ्यात दंगल हे घटनेचे ठिकाण किंवा प्रसंग आहे, ‘टाइम्स’च्या मथळ्यात दंगा हे मेलेल्या माणसांचे विशेषण झाले आहे. गोळी लागलेले अकराही जण स्वतः दंगा करत होते की त्यांतले काही केवळ जमावात सापडले होते, हे तपासण्याआधीच त्या एका विशेषणाने ठरवून टाकले.

मथळ्याखालचा मजकूर पाहिला की ही रेषा आणखी ठळक होते. ‘टाइम्स’च्या पहिल्या वाक्याची सुरुवात मृतांपासून होते : अकरा आफ्रिकन ठार झाले आणि पंधरा जखमी झाले, आणि मग कळते की पोलिसांनी सुमारे दोन हजारांच्या दंगेखोर जमावावर गोळीबार केला तेव्हा हे घडले. ‘गार्डियन’चे पहिले वाक्य पोलिसांपासून सुरू होते आणि मृतांना ते ‘निदर्शक’ म्हणते. दुसरे वाक्य तर यापेक्षाही महत्त्वाचे आहे, कारण कारणमीमांसा तेथे येते. ‘टाइम्स’ सांगतो की प्रतिस्पर्धी कृष्णवर्णीय राजकीय गट दिवसभर एकमेकांना डिवचत होते आणि गोळीबार हा त्या तणावाचा कळस होता. ‘गार्डियन’ सांगतो की घटनात्मक परिषदेला या, असा निर्वाणीचा इशारा स्मिथ यांनी संघटनेला दिला होता आणि त्यावर चर्चा करण्यासाठी कार्यकारिणी जमल्यानंतर लवकरच गडबड सुरू झाली. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. परंतु पहिले वाचून हा आफ्रिकी नेत्यांमधल्या भांडणाचा परिणाम वाटतो, तर दुसरे वाचून सरकारच्या दबावाचा. एकही खोटा शब्द न लिहिता बातमी कलते ती अशी, आणि म्हणूनच केवळ तथ्यांची पडताळणी करून हा कल हाती लागत नाही.

ट्रू यांनी पुढे जे केले ते मला या अभ्यासातले सर्वांत मोलाचे वाटते : त्यांनी ३ जूनचा ‘टाइम्स’ही तपासला. एव्हाना मृतांची संख्या १३ आणि जखमींची २८ झाली होती. त्या दिवशीच्या बातमीचे पहिले वाक्य असे, की रविवारच्या दंगलीत १३ आफ्रिकन ठार व २८ जखमी झाल्यानंतर कौन्सिलमध्ये गंभीर फूट दिसू लागली आहे. आता पोलीस या वाक्यातून गेले, गोळ्याही गेल्या आणि माणसे ‘दंगलीत’ मेली. पाठपुराव्याच्या बातमीत आदल्या दिवसाचा मजकूर आटोपशीर करावाच लागतो, हे वृत्तपत्रात काम केलेला कोणीही सांगेल. पण ‘रविवारच्या दंगलीत’ आणि ‘रविवारच्या गोळीबारात’ यांनी व्यापलेली जागा जवळजवळ सारखीच आहे. जागा वाचवण्याच्या सबबीने हा बदल समजावता येत नाही. एखाद्या बातमीचा कल पाहायचा असेल तर पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका ओळीत उरलेला तिचा सारांश पाहावा, असे मी यावरून म्हणेन.

या अभ्यासातून ‘कर्मणी प्रयोग दिसला की कर्ता लपवला असे समजा’ असा एक ढोबळ नियम पुष्कळदा काढला जातो. इंग्रजीतही तो पुरता टिकत नाही, आणि मराठीत तर मुळीच लागू होत नाही. ‘पोलिसांनी अकरा जणांना ठार केले’ हे वाक्य आपल्या व्याकरणात कर्तरी नाही, तरी त्यात करणारा अगदी पहिल्या शब्दात समोर उभा आहे. मराठीत कर्ता गळतो तो ‘गोळीबारात अकरा ठार’, ‘लाठीमार झाला’, ‘वाद चिघळला’, ‘अतिक्रमण हटवण्यात आले’ अशा रचनांमध्ये. मराठी बातम्यांची तुलना करताना म्हणून प्रयोग ओळखत बसण्यापेक्षा प्रत्येक क्रियापदाला ‘हे कोणी केले?’ असे विचारावे आणि उत्तर त्याच वाक्यात आहे, पुढे कोठे आहे की कोठेच नाही, याची नोंद करावी. दोन वृत्तपत्रांच्या बातम्यांतील अशा नोंदी शेजारी ठेवल्या की एकाच घटनेतला कोणता कर्ता कोठे गळला हे दिसते.

मात्र शब्दांतला फरक म्हणजे कल, असे लगेच मानता येत नाही. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळानंतर न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली असताना दोन छायाचित्रे गाजली. छातीएवढ्या पाण्यातून सामान घेऊन जाणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणाच्या छायाचित्राखाली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्याने किराणा दुकान लुटल्याचे लिहिले होते. तशाच पाण्यातून पाव आणि शीतपेय घेऊन जाणाऱ्या दोन गोऱ्या व्यक्तींच्या छायाचित्राखाली एएफपी या दुसऱ्या वृत्तसंस्थेच्या ओळीत त्यांना ते किराणा दुकानातून ‘सापडल्या’चे म्हटले होते. ‘याहू न्यूज’वर दोन्ही छायाचित्रे दिसत होती आणि वर्णभेदाचा आरोप झपाट्याने पसरला. असोसिएटेड प्रेसचे म्हणणे होते, की त्यांच्या छायाचित्रकाराने त्या तरुणाला दुकानात शिरून वस्तू घेताना पाहिले होते. दुसऱ्या छायाचित्रकाराचे म्हणणे होते, की वस्तू दुकानातून वाहत बाहेर येत होत्या. म्हणजे येथे संस्था दोन, छायाचित्रकार दोन आणि प्रसंगही दोन होते, आणि शब्द का बदलला याला त्वचेच्या रंगाखेरीज आणखी एक शक्य कारण होते.

या जोडीवरून वर्णभेद सिद्ध होत नाही आणि तो नव्हता असेही सिद्ध होत नाही. निष्कर्ष काढायचा तर त्याच संस्थेच्या त्या आठवड्यातल्या सगळ्या ओळी घ्याव्या लागतील, आणि दुकानात शिरताना पाहिलेल्या गोऱ्या माणसांबद्दल तिने कोणते क्रियापद वापरले हे पाहावे लागेल. सॅलिसबरीच्या बातम्यांची तुलना अधिक भक्कम ठरते, कारण तेथे प्रसंग एकच होता, पहिल्या दिवशीचे आकडे जुळत होते आणि गोळी कोणी झाडली याबद्दल दोन्ही दैनिकांत मतभेद नव्हता.