आट्यांसाठी राखलेली जाडी: थंड, कंडेन्सर आणि गरम पाण्याच्या पाइपांची पार्श्वभूमी

वातानुकूलनाच्या प्रकल्पात चिल्ड वॉटर, कंडेन्सर वॉटर आणि हॉट वॉटर अशा तिन्ही वाहिन्यांसाठी बहुतेक वेळा एकच पाइप लिहिला जातो, तो म्हणजे शेड्यूल ४० या जाडीच्या वर्गातला साधा कार्बन पोलादी पाइप. या सवयीमागे हिशेबापेक्षा इतिहास अधिक आहे. तो इतिहास ठाऊक नसेल, तर हाच पाइप एका वाहिनीत चाळीस वर्षे टिकतो आणि दुसरीत पंधरा वर्षांत गळू लागतो, याचे कारण समजत नाही.

सुरुवात पाइपच्या भिंतीच्या जाडीपासून करावी लागते. १८२५ साली इंग्लंडमध्ये कॉर्नेलियस व्हाइटहाउस यांनी तापवलेली लोखंडी पट्टी घंटेच्या आकाराच्या साच्यातून ओढून तिच्या कडा एकमेकींना सांधण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि नळी स्वस्त झाली. त्या काळी ती मुख्यतः दिव्यांच्या गॅससाठी आणि वाफेसाठी लागे, आणि दोन नळ्या जोडण्याचा सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे त्यांच्या टोकांवर आटे पाडणे. अमेरिकेत रॉबर्ट ब्रिग्ज यांनी १८६० च्या दशकात निमुळत्या आट्यांची मापे पक्की केली आणि १८८६ साली तेथील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने ती स्वीकारली. पुढे अधिक दाबासाठी जाड भिंतीचे पाइप निघाले, तेव्हा बाहेरचा व्यास तसाच ठेवून जाडी आतल्या बाजूने वाढवण्यात आली, कारण बाहेरचा व्यास बदलला असता तर आट्यांची हत्यारे आणि जोडाचे भाग सगळेच बदलावे लागले असते. १९३० च्या दशकात अमेरिकी मानकात शेड्यूलचे आकडे आले. दाब आणि पोलादाचा परवानगीयोग्य ताण यांच्या गुणोत्तराशी ते आकडे जोडलेले असले, तरी जुना ‘स्टँडर्ड’ पाइप दहा इंचापर्यंत शेड्यूल ४० याच नावाने पुढे चालू राहिला.

म्हणजे ज्या जाडीला आपण दाबासाठीची जाडी समजतो, तिचा मोठा भाग मुळात आटे कापल्यानंतरही खाली पुरेसे लोखंड उरावे म्हणून राखलेला आहे. लहान मापांत हे स्पष्ट दिसते. दोन इंची शेड्यूल ४० पाइपची जाडी ३.९१ मिमी असते आणि त्यावरच्या आट्याची खोली सुमारे १.८ मिमी, म्हणजे जवळजवळ निम्मी भिंत आट्यातच जाते.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. इमारतीची उंची ७५ मीटर आहे, पाणी थंड करणारे यंत्र, म्हणजे चिलर, तळघरात आहे आणि आठ इंची मुख्य वाहिनी वर जाते. पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे ७.४ बार येतो. माथ्यावर हवा आत ओढली जाऊ नये म्हणून प्रसरण टाकीतून साधारण १ बार राखला जातो. झडप बंद असताना पंप जो कमाल दाब देतो तो ३५ मीटर, म्हणजे ३.४ बार धरला, तर तळाशी एकूण ११.८ बार होतात. त्यावरून पीएन १६ हा दाबवर्ग निवडला जातो. या १६ बारसाठी पाइपला खरोखर किती जाडी हवी? आठ इंची पाइपचा बाह्य व्यास २१९.१ मिमी असतो, आणि शिवण असलेल्या साध्या पोलादी पाइपला परवानगीयोग्य ताण ८८ मेगापास्कल धरला, तर:

```
t = P × D / (2 × S)
t = 1.6 × 219.1 / (2 × 88) ≈ 2.0 mm
```

शेड्यूल ४० मध्ये ही जाडी ८.१८ मिमी आहे. तेवढ्या भिंतीने हाच पाइप हिशेबाने ६५ बारपर्यंत दाब पेलतो. त्यामुळे दाबवर्ग पाइप ठरवत नाही. तो फ्लँज, झडपा, रबरी जोड आणि चिलरच्या पाण्याच्या पेट्या ठरवतात. क्लास १५० च्या पोलादी फ्लँजची मर्यादा १०० अंश सेल्सिअसला १७.७ बार आहे, तर चिलरच्या पेट्या पुष्कळदा १० बारसाठीच बनवलेल्या असतात. वरच्या उदाहरणात पंप चिलरच्या आधी बसवला तर त्या पेट्यांवर ११.८ बार येऊ शकतात. तोच पंप चिलरच्या नंतर ठेवला, तर दाब ८.४ बारच्या आसपास राहतो आणि जास्त दाबाच्या पेट्यांचा खर्च टळतो. माझ्या मते दाबवर्गाचा विचार पाइपच्या तक्त्यापासून सुरू न करता पंपाच्या जागेपासून सुरू करावा.

जाडीची शिल्लक मात्र कधी संपू लागली, हे जोडांच्या इतिहासात सापडते. दोन महायुद्धांच्या दरम्यान विद्युत वेल्डिंग रुळले आणि मोठ्या मापांच्या पाइपना आट्यांची गरज उरली नाही. त्याच सुमारास, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, ब्रिटिश अभियंता अर्नेस्ट ट्राइब यांनी पाइपच्या टोकाजवळ खाच पाडून, तिच्यावर रबरी गॅस्केट आणि दोन अर्धगोल कवचे बोल्टने आवळण्याचा जोड काढला. ‘व्हिक्टरी’ आणि ‘हायड्रॉलिक’ या शब्दांतून त्याला व्हिक्टॉलिक हे नाव मिळाले. आरंभी ही खाच कापून काढत, त्यामुळे जाड भिंत आवश्यकच होती. आठ इंची पाइपवर तिची खोली सुमारे २.३ मिमी असते. पुढे पातळ पाइपच्या भिंतीत रोलरने खाच दाबून पाडण्याची पद्धत आली. तीत लोखंड कापले जात नाही, फक्त दाबून आत वळते. त्यामुळे शेड्यूल १० चा पाइपही या जोडाला चालू लागला. आठ इंचाला त्याची जाडी ३.७६ मिमी आहे. दाबासाठी २ मिमी पुरत असल्याने हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पोलाद निम्म्याहून अधिक वाचते, वजन घटते आणि काम लवकर होते.

तरीही कारखान्यातील १२.५ टक्के तफावत वजा केली, तर भिंत ३.२९ मिमी धरावी लागते आणि दाबाची २ मिमी काढल्यावर गंजासाठी १.३ मिमी उरतात. शेड्यूल ४० मध्ये याच हिशेबाने ५ मिमीहून अधिक उरतात. हे १.३ मिमी पुरतील की नाही, हे पाइपवर अवलंबून नसून पाण्यात येणाऱ्या ऑक्सिजनवर अवलंबून आहे, आणि येथेच तिन्ही वाहिन्यांचे मार्ग वेगळे होतात.

चिल्ड वॉटरची वाहिनी बंद असते. ती भरताना एक घनमीटर साध्या पाण्याबरोबर सुमारे ९ ग्रॅम ऑक्सिजन आत येतो. तो लोखंडाशी संयोग पावून काळा मॅग्नेटाइट बनवतो आणि त्यात अंदाजे २४ ग्रॅम लोखंड खर्ची पडते. आठ इंची पाइपमध्ये एक घनमीटर पाणी ३१ मीटर लांबी व्यापते. तेवढ्या पृष्ठभागावर हे २४ ग्रॅम पसरले, तर भिंत एका मायक्रॉनच्या पाचव्या भागाहूनही कमी झिजते. ऑक्सिजन संपला की ही झीज जवळजवळ थांबते. म्हणून चांगल्या स्थितीतील बंद वाहिनीत शेड्यूल १० निर्धास्तपणे वापरता येतो. अट एवढीच की गळती नसावी आणि पुन्हापुन्हा ताजे पाणी घालावे लागू नये. भरपाईच्या नळीवर बसवलेला साधा मीटर हेच येथे गंजाचे पहिले मोजमाप आहे. गाळणीत बारीक काळा गाळ सापडला तर बहुधा जुनीच झीज दिसत असते. लाल-तपकिरी गंज सापडला तर ऑक्सिजन अजून येत आहे असे धरावे. या पाइपला बाहेरून मात्र वेगळा धोका असतो: इन्सुलेशनवरचा बाष्परोधक थर फाटला की आतल्या थंड भिंतीवर दव धरते आणि पाइप बाहेरून गंजतो.

कंडेन्सर वॉटर याच्या अगदी उलट वागते. प्रत्येक फेरीत ते कुलिंग टॉवरमधून कोसळते, हवेतला ऑक्सिजन पुन्हा घेते, धूळ धुऊन आणते, आणि बाष्पीभवनाने त्यातील क्षार गाढ होत जातात. वर काढलेल्या हिशेबातील ९ ग्रॅम येथे दर फेरीला नव्याने भरले जातात. बरीच वर्षे हा दोष क्रोमेट रसायनांनी झाकला होता. त्यांच्यामुळे पोलादावर घट्ट रक्षक थर बसे. क्रोमेटमधील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याने अमेरिकेने १९९० साली वातानुकूलनाच्या टॉवरमध्ये त्याचा वापर बंद केला. त्याच्या जागी आलेले फॉस्फेट आणि फॉस्फोनेटचे उपचार चालतात, पण त्यांना पाण्याच्या गुणवत्तेकडे अधिक काटेकोर लक्ष द्यावे लागते. उपचार नीट असतानाही साध्या पोलादाची झीज वर्षाला ०.०८ मिमीपर्यंत चालवून घेतली जाते. या दराने वीस वर्षांत १.६ मिमी जातात आणि शेड्यूल १० ची १.३ मिमी शिल्लक त्याआधीच संपते. शिवाय ही सरासरी झीज आहे. गाठी धरलेल्या गंजाखाली आणि साचलेल्या गाळाखाली खड्डे याच्या अनेकपट वेगाने खोल जातात. म्हणून कंडेन्सर वाहिनीसाठी पातळ पोलादी पाइप मला पटत नाही. तेथे शेड्यूल ४० ठेवावा, किंवा गंजाचा प्रश्नच नसलेला पर्याय म्हणून वितळवून जोडलेला एचडीपीई प्लास्टिकचा पाइप घ्यावा. या प्लास्टिकच्या पीई १०० प्रतीचा एसडीआर ११ पाइप, म्हणजे बाह्य व्यास भिंतीच्या जाडीच्या अकरा पट असलेला पाइप, २० अंशांना पीएन १६ इतका दाब पेलतो. मात्र कंडेन्सरचे पाणी ३५ ते ४० अंशांचे असते आणि तापमानाबरोबर हा आकडा खाली येतो, हे हिशेबात धरावेच लागते.

गरम पाण्याच्या बंद वाहिनीत पोलादाची स्थिती चिल्ड वॉटरसारखीच असते. तेथे धोका प्लास्टिकबरोबर आला. पीव्हीसीची ताकद ६० अंशांना सामान्य तापमानाच्या जेमतेम २२ टक्के उरते, आणि सीपीव्हीसीची ८२ अंशांना २५ टक्के. दुसरा धोका पटकन ध्यानात येत नाही: ऑक्सिजन प्लास्टिकच्या भिंतीतून झिरपतो. फरशीखालच्या उष्ण पाण्याच्या नळ्यांतून आलेल्या ऑक्सिजनने त्याच वाहिनीतील पोलादी भाग गंजवल्यानंतर जर्मन मानकात झिरपण्याची कमाल मर्यादा घातली गेली आणि नळ्यांवर ऑक्सिजनरोधक थर येऊ लागला. म्हणजे प्लास्टिक स्वतः गंजत नाही, पण शेजारच्या पोलादाला गंजवू शकते.

कंडेन्सर वाहिनीत सर्वांत आधी काय फुटते, हेही या जुन्या इतिहासातूनच सांगता येते. मुख्य पाइप जाड असला, तरी दाबमापक, हवा सोडण्याचा नळ आणि निचरा यांसाठी पाऊण इंची आट्यांचे छोटे निपल जोडलेले असतात. त्यांची जाडी २.८७ मिमी आणि आट्याची खोली १.४५ मिमी; तफावत वजा करता आट्याच्या तळाशी फक्त १.०६ मिमी लोखंड उरते. ०.०८ मिमीच्या झिजेने ते तेरा वर्षांत संपते, आणि पुढे पितळी झडप असेल तर गॅल्व्हॅनिक क्रियेमुळे त्याहूनही लवकर. म्हणून या निपलांसाठी शेड्यूल ८० किंवा स्टेनलेस स्टील लिहून द्यावे, आणि जुन्या इमारतीत जाडी मोजायला अल्ट्रासाउंडचे उपकरण हाती घेतले की मुख्य वाहिनीच्या वरच्या बाजूऐवजी तिचा तळ, बंद फाटे आणि या निपलांच्या जवळचा भाग आधी तपासावा.