व्याकरणाच्या प्रश्नाला दोन उत्तरे बरोबर ठरत असतील तर हरकतीचा ई-मेल कसा लिहावा

पहिली उत्तरतालिका लागली की मराठी व्याकरणावर भरपूर हरकती जातात आणि मुद्दा बरोबर असूनही त्यातल्या कितीतरी फेटाळल्या जातात. बहुतेक वेळा कारण एकच असते. उमेदवार लिहितो, 'तुमचे उत्तर चूक, माझे बरोबर.' मंडळाचे तज्ज्ञ पुस्तक उघडतात, त्यांचे उत्तर तिथे सापडते आणि विषय संपतो.

हरकत फक्त ती परीक्षा दिलेल्या उमेदवाराला घेता येते. आधी सूचनापत्र नीट वाचा. ऑनलाइन लिंक दिली असेल तर ई-मेलने पाठवलेली हरकत सहसा धरत नाहीत, मग तीच मांडणी लिंकवरच्या रकान्यात भरा. ई-मेल चालत असेल तर नोंदणी केलेल्या पत्त्यावरूनच पाठवा. शेवटच्या तारखेसोबत वेळही दिलेली असते, ती सायंकाळची असेल तर रात्री पाठवलेला ई-मेल उशिराचाच. शुल्क असेल तर नुसते पैसे कापले गेले म्हणून निर्धास्त राहू नका, पावती हातात येईपर्यंत हरकत सादर झाली असे समजू नका.

आता एक प्रश्न घेऊ. "'पीतांबर' या शब्दाचा समास ओळखा." पर्याय: (1) द्विगू (2) कर्मधारय (3) बहुव्रीही (4) अव्ययीभाव. उत्तरतालिकेत 3.

'पीत आहे अंबर ज्याचे असा तो', म्हणजे विष्णू, असा विग्रह केला तर बहुव्रीही. पण पूजेला पीतांबर नेसतात तेव्हा तो शब्द वस्त्राचाच असतो. 'पीत असे अंबर' हा विग्रह, पहिले पद विशेषण, म्हणून कर्मधारय. समास विग्रहावर ठरतो, विग्रह अर्थावर आणि अर्थ वाक्यावर. प्रश्नात वाक्यच नाही. प्रश्न काढणाऱ्याने 'पुजारी पीतांबर नेसून आले' एवढे चार शब्द दिले असते तर उमेदवारांची ही धावपळ वाचली असती. उलट वाक्य दिलेले असेल आणि त्यातून एकच अर्थ निघत असेल, तर हरकत घेऊ नका, ती टिकणार नाही.

ई-मेल असा असावा:

> विषय: उत्तरतालिकेवर हरकत – संच B, प्रश्न क्र. 37
>
> मा. परीक्षा नियंत्रक,
>
> वरील प्रश्नात 'पीतांबर' हा शब्द वाक्याशिवाय दिला आहे. उत्तरतालिकेतील पर्याय 3 (बहुव्रीही) 'विष्णू' या अर्थी योग्य आहे, हे मला मान्य आहे. मात्र 'पिवळे वस्त्र' या रूढ अर्थी 'पीत असे अंबर' असा विग्रह होऊन पर्याय 2 (कर्मधारय) हाही योग्य ठरतो. कोणता अर्थ घ्यावा याचा संकेत प्रश्नात नाही. दोन्ही उत्तरांचे संदर्भ जोडले आहेत. तरी पर्याय 2 व 3 दोन्ही ग्राह्य धरावेत किंवा प्रश्न रद्द करावा, ही विनंती.
>
> (नाव, बैठक क्रमांक)

तालिकेतले उत्तर पहिल्यांदा मान्य केले आहे, हे लक्षात घ्या. आपला दावा दोन उत्तरांचा आहे, म्हणून पुरावाही दोन्ही बाजूंचा हवा. मंडळ 'सर्वांत योग्य पर्याय निवडा' या सूचनेकडे बोट दाखवेल. त्यासाठीच 'संकेत प्रश्नात नाही' हे वाक्य ठेवले आहे, ते गाळू नका. संच आणि प्रश्न क्रमांक आपल्या प्रश्नपुस्तिकेवरून लिहा. मित्राच्या संचात तोच प्रश्न वेगळ्या क्रमांकावर असतो आणि क्रमांक चुकला की हरकत भलत्याच प्रश्नावर जाते.

जोडायच्या कागदांपैकी प्रवेशपत्र सगळ्यांकडे असते. अडते ते संदर्भाच्या पानापाशी. मुले क्लासच्या नोट्सचा फोटो जोडतात, किंवा पुस्तकातले नेमके पान जोडतात पण ते पुस्तक कोणते हे कुठेच दिसत नाही. पुस्तकाचे शीर्षकपान, त्यामागचे लेखक-प्रकाशक-आवृत्तीचे पान आणि पृष्ठ क्रमांकासह मजकुराचे पान अशी तीन पाने लागतात. घरातल्या जुन्या प्रतीची पहिली पाने बहुधा फाटलेली असतात, तेव्हा ग्रंथालयातून धड प्रत मिळवा. पाठ्यपुस्तक किंवा मान्य व्याकरणग्रंथ सोबत असावा आणि 'पीतांबर' म्हणजे वस्त्र, हा अर्थ दाखवायला शब्दकोशाचे पानही. गाइड जोडू नका. सगळे एका पीडीएफमध्ये घ्या, संबंधित ओळीखाली रेघ मारा. सूचनापत्रातली फाइलची मर्यादा ओलांडली तर ई-मेल परत येतो, म्हणून पाठवल्यावर इनबॉक्स तपासा आणि पाठवलेल्या ई-मेलची वेळ दिसेल अशी प्रत ठेवा.

प्रत्येक हरकतीला वेगळे उत्तर येईल अशी वाट पाहू नका. निर्णय अंतिम उत्तरतालिकेतच कळतो: त्या क्रमांकापुढे दोन पर्याय दिसतील, प्रश्न रद्द असेल किंवा पूर्वीचेच उत्तर कायम असेल. त्यानंतर मंडळे सहसा पत्रव्यवहार स्वीकारत नाहीत, त्यामुळे जे काही जोडायचे ते पहिल्याच ई-मेलला जोडा.